एएमसी मोडताना उरलेल्या भेटींचा हिशेब

एसी किंवा पाण्याच्या प्युरिफायरचा वार्षिक देखभाल करार मुदतीआधीच बंद करायची वेळ अनेक घरांवर येते. कुणी घर बदलतं, कुणी मशीन विकतं, कुणाच्या सोसायटीत सगळ्यांसाठी एकच मोठं आरओ बसतं, तर कुणी तीन-तीनदा तक्रार नोंदवूनही माणूस येत नाही म्हणून कंटाळतं. मग कस्टमर केअरला फोन जातो आणि पहिला प्रश्न असतो, ‘पैसे किती परत मिळतील?’ पलीकडून उत्तर येतं, ‘सर, एएमसी नॉन-रिफंडेबल आहे.’ बहुतेकांचा विषय तिथेच संपतो.

पहिला प्रश्न वेगळा असायला हवा. करारातल्या किती भेटी झाल्या, किती उरल्या आणि उरलेल्या भेटी कोणत्या प्रकारच्या आहेत, हे आधी विचारायला हवं. पैशांचं बोलणं त्यानंतर. एएमसीमध्ये ग्राहक वर्षभराचे दिवस विकत घेत नाही, ठरावीक कामं विकत घेतो. त्यातलं किती काम झालं हे कागदावर आल्याशिवाय परताव्याचा कोणताही आकडा हवेतलाच राहतो. शिवाय कागदावर आलेला हिशेब आणि घरात प्रत्यक्ष झालेलं काम यांत फरक असू शकतो. करार मोडण्याच्या व्यवहारातली खरी मेख इथे आहे, म्हणून या लेखात तिच्यावरच जास्त थांबणार आहे.

आधी करारात काय विकलं जातं ते पाहू. एएमसीचे ढोबळ प्रकार दोन. कॉम्प्रिहेन्सिव्ह करारात सर्व्हिसबरोबर बिघडलेले सुटे भागही येतात. एसीच्या बाबतीत गॅस भरणं, कॅपॅसिटर, फॅन मोटर, कधी पीसीबी आणि कॉम्प्रेसर, तर प्युरिफायरच्या बाबतीत कँडल, कार्बन फिल्टर, मेंब्रेन, पंप आणि ॲडॅप्टर. नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह करारात फक्त माणसाची मेहनत येते, भाग लागला तर त्याचे पैसे वेगळे. प्लास्टिकचे भाग, रिमोट, स्टॅबिलायझर, आऊटडोअरचं स्टँड आणि जास्तीचा कॉपर पाइप या गोष्टी दोन्हींतून सहसा वगळलेल्या असतात. करार मोडताना हा फरक फार महत्त्वाचा ठरतो, कारण पहिल्या प्रकारात कंपनीने मोठा खर्च आधीच केलेला असू शकतो आणि दुसऱ्यात तो नसतो.

भेटीही दोन जातींच्या. एक ठरलेली भेट, म्हणजे तक्रार असो-नसो, वर्षातून तीन किंवा चार वेळा व्हायची ती देखभाल. दुसरी तक्रारीवरून होणारी भेट. बहुतेक करारांत ठरलेल्या भेटींची संख्या लिहिलेली असते आणि तक्रारीच्या भेटींना मर्यादा नसते. एसीतून पाणी गळतं म्हणून सप्टेंबरमध्ये बोलावलेला टेक्निशियन ही तक्रारीची भेट, तिने ठरलेल्या चारपैकी एकही भेट कमी होता कामा नये. हे वाक्य वाचायला साधं वाटतं, पण उरलेल्या भेटींचे बहुतेक वाद इथेच जन्माला येतात.

एसीच्या ठरलेल्या भेटींतही दोन तऱ्हा असतात. ड्राय सर्व्हिसमध्ये जाळ्या काढून धुतल्या जातात, बाहेरून पुसून घेतलं जातं, करंट तपासला जातो. वेट सर्व्हिसमध्ये इनडोअरची कॉइल, ब्लोअर आणि ड्रेन ट्रे जेट पंपाने धुतात, आऊटडोअरची कॉइलही धुतात. पहिलीला वीस मिनिटं पुरतात, दुसरीला तासभर लागतो. बाजारात दुसरीचा दर अर्थातच जास्त. म्हणून ‘दोन भेटी शिल्लक आहेत’ या वाक्याला पुरता अर्थ नाही. दोन वेट उरल्या की दोन ड्राय, यावर रक्कम ठरते.

मुंबई, ठाणे आणि कोकणपट्टीत या फरकाला आणखी वजन आहे. खारट, दमट हवेत आऊटडोअरच्या कॉइलवर क्षार बसतात, पातळ पंख गंजतात आणि पुढे गळती सुरू होते. तिथे वर्षातली दुसरी वेट सर्व्हिस वाया जाऊ देणं परवडत नाही. पण करार बहुधा एप्रिल-मेमध्ये, उन्हाळा चढल्यावर घेतला जातो. पहिली वेट लगेच होते, नंतरच्या भेटी पावसाळ्यात आणि थंडीत पडतात, एसी बंद असतो, कंपनीचा फोन आला तरी ग्राहक ‘नंतर बघू’ म्हणतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये, नेमकी गरज असताना, सगळ्या शहराचीच मागणी येते आणि तारीख मिळत नाही. करार संपतो आणि न घेतलेल्या भेटी पुढच्या वर्षात जात नाहीत. करार मोडायचा विचार नसलेल्यांनीही जानेवारीतच उरलेली वेट सर्व्हिस मागून घ्यावी.

आता नोंदीकडे येऊ. टेक्निशियन काम संपवतो, त्याच्या मोबाइलवर तक्रार किंवा भेट बंद करायची असते आणि त्यासाठी ग्राहकाच्या फोनवर ओटीपी येतो. ‘ओटीपी द्या, नाहीतर माझा कॉल क्लोज होत नाही’ हे वाक्य ऐकलं नाही असं घर सापडणार नाही. आपण सांगितलेला तो ओटीपी म्हणजे आपली सही. तो देताच कंपनीच्या नोंदीत काम पूर्ण झालेलं असतं. कोणतं काम, हे टेक्निशियनने निवडलेल्या पर्यायावर ठरतं. तक्रारीसाठी आलेला माणूस जाता जाता जाळ्या धुतो आणि तीच भेट ठरलेली सर्व्हिस म्हणून बंद करतो. कधी वेट सर्व्हिस म्हणून नोंद होते आणि प्रत्यक्षात फक्त जाळ्या धुतलेल्या असतात. कधी काम होतच नाही, माणूस भाग आणून पुन्हा येतो म्हणतो आणि ओटीपी आधीच घेऊन ठेवतो. यात प्रत्येक वेळी लबाडी असते असं मी म्हणणार नाही. अनेक टेक्निशियन बंद केलेल्या कॉलमागे पैसे मिळवतात, त्यांच्यावर रोजच्या आकड्याचं दडपण असतं. पण त्याचा भार ग्राहकाच्या शिल्लक भेटींवर पडतो आणि तो वर्षअखेरपर्यंत दिसत नाही.

म्हणून करार बंद करण्याचा अर्ज देण्याआधी कंपनीकडून सर्व्हिस हिस्ट्री लेखी मागवायची. मशीनचा सीरियल नंबर आणि कराराचा क्रमांक देऊन ईमेलने मागितली तर ती बहुधा मिळते. कंपनीच्या ॲपमध्येही अनेकदा दिसते, तिचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवायचा. क्रम महत्त्वाचा आहे. बंद करण्याचा अर्ज आधी गेला की काही ठिकाणी करार ॲपमधून दिसेनासा होतो आणि मग तोच तपशील मिळवायला दहा फोन करावे लागतात. हिस्ट्री हाती आली की प्रत्येक नोंदीसमोर आपल्याकडची जॉब शीट, एसएमएस किंवा व्हॉट्सॲपचा निरोप ठेवून जुळवायचं. न जुळणारी नोंद असेल तर तिचा वाद परताव्याच्या वादाआधी मिटवायचा. ‘ग्राहक घरी नव्हता’ असा शेरा मारून भेट वजा केली असेल, तर त्या दिवशी आलेला-न आलेला फोन हाच पुरावा.

हिशेब कसा बदलतो ते एका उदाहरणाने पाहू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. दीड टनाच्या एका स्प्लिट एसीचा नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह करार 1 एप्रिल 2025 ते 31 मार्च 2026 असा आहे. किंमत 2,000 रुपये आणि 18 टक्के जीएसटी धरून 2,360 रुपये. वर्षात दोन वेट आणि दोन ड्राय सर्व्हिस. हीच कामं सुटी करून घेतली तर कंपनीच्या दरपत्रकात वेटचे 700 आणि ड्रायचे 450 रुपये, कर वेगळा. एप्रिलमध्ये एक वेट झाली, जुलैमध्ये एक ड्राय. सप्टेंबरमध्ये खोलीत पाणी गळू लागलं, तुंबलेला ड्रेन पाइप मोकळा करून घेतला, ओटीपी दिला. आता हे कुटुंब अशा गावी चाललं आहे जिथे कंपनीचं सर्व्हिस सेंटर नाही आणि 1 ऑक्टोबरपासून करार बंद करायचा आहे.

दिवसांवरून मोजलं तर 365 पैकी 182 दिवस उरले, म्हणजे 1,177 रुपये. भेटींच्या वाट्यावरून मोजलं तर एक वेट आणि एक ड्राय, म्हणजे बरोबर अर्धं काम उरलं, 1,180 रुपये. तिसरी पद्धत अशी, की झालेली कामं सुट्या दराने वजा करायची आणि उरेल ते द्यायचं. एक वेट आणि एक ड्राय मिळून 1,150, त्यावर कर धरून 1,357, म्हणजे परतावा 1,003 रुपये. तिन्ही आकडे जवळपासचे आहेत. पण कंपनीच्या नोंदीत सप्टेंबरची गळतीची भेट ड्राय सर्व्हिस म्हणून चढलेली असेल, तर झालेलं काम एक वेट आणि दोन ड्राय होतं. तिसऱ्या पद्धतीने मग 1,600 आणि कर मिळून 1,888 रुपये वजा होतात, हातात उरतात 472. पद्धत कोणती यावरून फरक पडला पावणेदोनशेचा, एका चुकीच्या नोंदीवरून पडला 531 रुपयांचा. ग्राहक भांडतो मात्र पद्धतीवरून.

तिन्हींपैकी न्याय्य पद्धत कोणती? ग्राहक स्वतःच्या कारणाने करार मोडत असेल तर मला तिसरी पद्धत पटते. चारही भेटी एकत्र घेतल्या म्हणून कंपनीने सूट दिली होती, निम्म्यावर सोडून जाणाऱ्याने ती सूट धरून ठेवायला नको. मात्र कंपनीच कामाला चुकली असेल तर हा तर्क टिकत नाही. तिथे निदान भेटींच्या वाट्याने पैसे परत यायला हवेत, आणि न आलेल्या माणसामुळे बाहेरून काम करून घ्यावं लागलं असेल तर त्या बिलाची मागणीही रास्त आहे. दिवसांची पद्धत ऐकायला सरळ वाटते, पण एसीला ती नीट लागू होत नाही. सहा महिने लोटूनही एकच भेट झाली असेल तर ती ग्राहकाचं नुकसान करते, पहिल्या तीन महिन्यांत तीन भेटी झाल्या असतील तर कंपनीचं.

प्युरिफायरचं गणित याहून निराळं आहे, कारण तिथे भेटींपेक्षा भागांना मोल आहे. आरओच्या कॉम्प्रिहेन्सिव्ह करारात साधारण वर्षाला कँडल आणि कार्बन फिल्टरचा एक संच मिळतो, काही करारांत गरज पडल्यास मेंब्रेनही. पुन्हा धरलेले आकडे घेऊ. करार 1 जुलैपासूनचा, कर धरून 5,310 रुपयांचा, तीन भेटी. पहिल्याच भेटीत 1,500 रुपयांचा फिल्टर संच आणि 2,000 रुपयांचं मेंब्रेन बदललं. सप्टेंबरअखेर करार मोडायचा म्हटलं तर दिवसांच्या हिशेबाने जवळजवळ चार हजार रुपये परत मागता येतील असं वाटतं. पण 3,500 रुपयांचे भाग आपल्या स्वयंपाकघरातल्या मशीनमध्ये बसलेले आहेत. भेटीचे 500 धरले तर उरतात 1,310. एवढ्यासाठी करार मोडण्यापेक्षा उरलेल्या दोन भेटी घ्याव्यात आणि पंप किंवा ॲडॅप्टर बिघडला तर तो बदलून घेण्याचा हक्क राखावा, हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. आठ महिने झाले, तीन भेटींपैकी दोन ‘झाल्या’, पण फिल्टर एकदाही बदलला नाही. अशा वेळी कंपनी म्हणते की दोन तृतीयांश सेवा दिली. प्रत्यक्षात कराराच्या किमतीचा मोठा हिस्सा ज्या भागांसाठी होता ते अजून त्यांच्या गोदामात आहेत. इथे ग्राहकाने भेटींची संख्या सोडून भागांची यादी पुढे करायला हवी. करारात काय-काय मिळणार होतं आणि त्यातलं काय बसलं, असे दोन रकाने करून पाठवले की बोलणं लगेच मुद्द्यावर येतं.

मग हेही कळायला हवं, की भाग बदलला हे ओळखायचं कसं. पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. नळाच्या पाण्याचा आणि आरओतून आलेल्या पाण्याचा आकडा जॉब शीटवर लिहून घ्यायचा. बोअरचं पाणी 800 असेल आणि चांगल्या मेंब्रेनमधून ते 80 ते 100च्या आसपास येत असेल, तर मेंब्रेन काम करतंय. तेच 300 झालं तर मेंब्रेन थकलं किंवा कुठेतरी न गाळलेलं पाणी मिसळतंय. मशीनमध्ये चव राखण्यासाठी टीडीएस कंट्रोलर असेल तर तो थोडं पाणी मुद्दाम मिसळतो, म्हणून तो बंद करून मोजणं बरं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, 500 मिलिग्रॅम प्रतिलिटर ही टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 2,000 पर्यंत सूट आहे. धरणाचं गोड पाणी पिणाऱ्या शहरात नळाचाच आकडा कमी असतो. तिथे मीटरवरून मेंब्रेनचा फारसा अंदाज येत नाही आणि फिल्टर तुंबल्याची खूण म्हणजे टाकी भरायला लागणारा वाढता वेळ. नवीन भागावर बसवल्याची तारीख मार्करने लिहून घ्यावी आणि काढलेले जुने भाग टेक्निशियनला परत देण्याआधी त्यांच्यावर मोठी फुली मारावी.

एसीलाही अशी साधी परीक्षा आहे. सर्व्हिसनंतर एसी पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवून आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान थर्मामीटरने पाहावं. साधारण 8 ते 12 अंशांचा फरक दिसला तर थंडावा ठीक आहे. दमट दिवसांत हा फरक थोडा कमीच भरतो. वेट सर्व्हिस खरंच झाली का हे ब्लोअरच्या पात्यांवरून कळतं. मोबाइलचा टॉर्च लावून पाहिलं की काळा थर आहे की नाही ते दिसतं. काम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर त्याचा एकेक फोटो काढला तर भेट कोणती होती यावर वाद उरत नाही. आणि गॅसबद्दल एक गोष्ट ठाम सांगतो. एसीतला गॅस वापरून संपत नाही. तो कमी झाला असेल तर गळती आहे. करार संपत आला असताना गळती न शोधता नुसता गॅस भरून भेट बंद केली, तर काही महिन्यांनी, करार नसताना, तोच खर्च आपल्या खिशातून होतो. भरण्याआधी गळती शोधली का, कुठे सापडली आणि जोड दुरुस्त केला का, हे जॉब शीटवर लिहून मागायचं.

आता त्या ‘नॉन-रिफंडेबल’ शब्दाकडे. करारात तसं छापलं असेल तर विषय संपला का? स्वतःच्या मर्जीने, कंपनीची काही चूक नसताना मोडणाऱ्याची बाजू इथे खरंच दुबळी असते आणि हे आधीच ओळखून वागलेलं बरं. अशा ग्राहकाने विनंती करावी, हिशेब पाठवावा, जे मिळेल ते घ्यावं. मात्र कंपनीने सेवाच दिली नसेल तर ते कलम ढाल म्हणून पुढे करता येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 सेवेतली त्रुटी ही स्वतंत्र तक्रार मानतो. त्याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येत असंही आहे, की त्रुटीची सेवा मागे घेऊन घेतलेले पैसे बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत परत करायला नकार देणं ही अनुचित प्रथा आहे. ही तीस दिवसांची तरतूद पत्रात लिहिली की उत्तराचा सूर बदलतो.

याच कायद्याने ‘अन्यायकारक करार’ ही कल्पना आणली. नुकसानाच्या मानाने अवाजवी दंड लावणारं, किंवा एका बाजूला योग्य कारणाशिवाय करार संपवण्याची मुभा देणारं कलम त्यात बसू शकतं. कंपनी वाटेल तेव्हा करार संपवू शकते आणि ग्राहकाला मात्र एक रुपयाही परत नाही, असं लिहिलेलं असेल तर ते तपासण्यासारखं आहे. पण इथे एक व्यावहारिक अडचण आहे. असं कलम रद्द ठरवण्याचा अधिकार कायद्याने राज्य आणि राष्ट्रीय आयोगाला दिला आहे, जिल्हा आयोगाला नाही. हजार-दोन हजार रुपयांसाठी कुणी राज्य आयोगात जाऊ नये. तीच तक्रार ‘अमुक तारखेला ठरलेली भेट दिली नाही, पैसे परत मागितले, दिले नाहीत’ अशी, सेवेतली त्रुटी म्हणून मांडली तर जिल्हा आयोगात चालते. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लावणं सक्तीचं नाही आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. ई-जागृती पोर्टलवरून ती घरबसल्या दाखल होते.

त्याआधीची पायरी म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक 1915. तिथे आदेश निघत नाही, पण तक्रार कंपनीच्या वरच्या कार्यालयापर्यंत पोहोचते. एवढ्या लहान रकमांचे वाद तिथे मिटण्याची शक्यता बरीच असते, कारण कंपनीलाही ते लांबवण्यात रस नसतो. तक्रार लिहिताना सर्व्हिस हिस्ट्री आणि आपला हिशेब जोडला तर समोरच्याला टोलवाटोलवी करायला जागा कमी राहते.

मोडण्याआधी दुसऱ्या वाटाही बघाव्यात. एएमसी माणसाच्या नावावर असली तरी बांधलेली असते ती मशीनच्या सीरियल नंबरला. त्यामुळे मशीन नव्या घरी नेत असाल आणि तिथे कंपनीची सेवा असेल, तर पत्ता बदलून उरलेल्या भेटी तिकडे घेता येतात. काढण्या-बसवण्याचा खर्च मात्र करारात येत नाही. मशीन विकत असाल तर करार घेणाऱ्याच्या नावावर करून द्यावा आणि उरलेल्या भेटींची किंमत विक्रीच्या बोलण्यात धरावी. कंपनीशी परताव्यासाठी झगडण्यापेक्षा हे बहुतेक वेळा लाभाचं ठरतं. भाड्याच्या घरात एसी मालकाचा आणि करार भाडेकरूने घेतलेला असेल, तर घर सोडताना त्याने उरलेल्या भेटी मालकाला दाखवून तेवढी रक्कम मागायला हरकत नाही.

करार गेला तरी काही हक्क मागे राहतात. कॉम्प्रेसरची पाच किंवा दहा वर्षांची उत्पादकाची वॉरंटी एएमसीपासून वेगळी असते आणि एएमसी संपल्याने ती आपोआप संपत नाही. फक्त वॉरंटी कार्डावर ‘अधिकृत सर्व्हिस सेंटरकडूनच काम करून घ्यावे’ अशी अट आहे का, ते पाहून मगच गल्लीतल्या ओळखीच्या माणसाला बोलवावं. करार चालू असताना नोंदवलेली तक्रार करार संपल्यावर विरून जात नाही, तिचा क्रमांक आणि तारीख जपून ठेवावी. करारात बदललेल्या भागाला पुढे किती दिवसांची हमी आहे, हे मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, ते लेखी विचारून घ्यावं. आणि मन बदलून चार-सहा महिन्यांनी पुन्हा कॉम्प्रिहेन्सिव्ह करार घ्यायचा ठरला, तर कंपनी आधी मशीनची तपासणी करते, नादुरुस्त भाग आपल्या खर्चाने बदलायला लावते आणि मशीन जुनं असेल तर नकारही देऊ शकते. सात-आठ वर्षांचा एसी असलेल्यांनी मोडण्याआधी याचा विचार करावा.

मोडायचंच पक्कं झालं तर शेवटची भेट आधी घ्यावी आणि पत्र नंतर पाठवावं. ठरलेली भेट कराराप्रमाणे आत्ता देय असेल तर ती हक्काची आहे, उपकार नाही. एसी असेल तर उरलेली वेट सर्व्हिस, प्युरिफायर असेल तर टाकी धुऊन घेणं आणि कँडलची तपासणी. पावसाळ्यात गढूळ पाण्याने कँडल लवकर भरते, म्हणून प्युरिफायरची भेट सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घेतलेली बरी.

पत्र लांबलचक नको. ईमेलवर एवढं पुरतं: ‘करार क्रमांक अमुक, सीरियल नंबर अमुक. आपण पाठवलेल्या नोंदीनुसार आणि माझ्याकडील जॉब शीटनुसार एक वेट आणि एक ड्राय सर्व्हिस झाली आहे. 9 सप्टेंबरची भेट ड्रेन पाइप तुंबल्याच्या तक्रारीची होती, ती ठरलेल्या भेटींत धरू नये. एक वेट आणि एक ड्राय सर्व्हिस शिल्लक आहे. 1 ऑक्टोबरपासून करार बंद करावा आणि 1,003 रुपये मूळ खात्यात तीस दिवसांत जमा करावेत. करार बंद झाल्याचे लेखी कळवावे.’ आकडा स्वतः लिहावा. ‘योग्य ती रक्कम’ असं लिहिलं की ती ठरवायचं काम आपण समोरच्याच्या हाती देतो. परताव्यात जीएसटीही धरलेला आहे ना हे पाहावं, कारण न दिलेल्या सेवेवरचा करही परत यायला हवा.

हे पत्र कुणाला पाठवायचं हाही प्रश्न आहे. करार उत्पादक कंपनीचा आहे, डीलरचा आहे की तिसऱ्याच सर्व्हिस एजन्सीचा, हे पावतीवरच्या नावावरून आणि जीएसटी क्रमांकावरून कळतं. कंपनीचं नाव घेऊन फोनवर एएमसी विकणारे भामटे पुष्कळ आहेत. सीरियल नंबर कंपनीच्या अधिकृत ॲपमध्ये टाकून करार दिसत नसेल तर तो कंपनीचा नाही, आणि अशा वेळी उरलेल्या भेटी मोजत बसण्याऐवजी बँकेकडे आणि सायबर हेल्पलाइन 1930 वर लगेच तक्रार करावी. परताव्यासाठी कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधू नये, मशीनवरच्या किंवा बिलावरच्या क्रमांकावरच फोन करावा. परतावा ‘मिळवण्यासाठी’ फोनची स्क्रीन शेअर करायला किंवा यूपीआय पिन टाकायला सांगणारा माणूस कंपनीचा नसतो. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही.

शेवटचं काम बँकेच्या बाजूचं. अनेक करार आता दरवर्षी त्यांचं आपोआप नूतनीकरण होईल अशा बेताने विकले जातात आणि पैसे कार्डावरून किंवा यूपीआय ऑटोपेवरून जातात. कंपनीने करार बंद केला तरी बँकेतला आदेश तसाच राहू शकतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशी रक्कम कापण्याच्या निदान चोवीस तास आधी सूचना यावी लागते आणि ग्राहकाला तो आदेश कधीही मागे घेता येतो. यूपीआय ॲपमधल्या ऑटोपे किंवा मँडेट या विभागात जाऊन कंपनीच्या नावासमोरचा आदेश रद्द करायचा, कार्डाचा असेल तर बँकेच्या संकेतस्थळावरून. ॲपमध्ये बंद करण्याचं बटण मुद्दाम लपवलेलं असेल किंवा दहा पडद्यांतून फिरवत असतील, तर केंद्र सरकारच्या नोव्हेंबर 2023 मधल्या डार्क पॅटर्नविषयीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तो ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ म्हणून गणला जातो. 1915 वर तक्रार देताना त्या पडद्यांचे स्क्रीनशॉट क्रमाने जोडावेत.